किंमत आधी, गाडी नंतर

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये रतन टाटांनी नॅनो लोकांसमोर आणली, तेव्हा गाडीचा आकार, इंजिन, आतली जागा हे सगळं प्रेक्षकांना नवं होतं. किंमत मात्र सगळ्यांना पाठ होती. एक लाख रुपये! हा आकडा टाटांनी काही वर्षं आधी एका परदेशी वृत्तपत्राशी बोलताना उच्चारला होता. तो छापून आला, आणि तो खोडून काढण्याऐवजी त्यांनी तो लक्ष्य म्हणून स्वीकारला. गाडीचा पक्का आराखडा तेव्हा तयार नव्हता. पुढे पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली काही शे इंजिनिअरांचा चमू कामाला लागला, तेव्हा त्यांच्या हाती सर्वांत ठाम गोष्ट होती ती हीच, विक्रीची किंमत.

किंमत आधी ठरवायची, त्यातून हवा तेवढा नफा बाजूला काढायचा आणि उरलेल्या पैशात वस्तू बसवायची, या पद्धतीला टार्गेट कॉस्टिंग म्हणतात. १९६० च्या दशकात जपानमध्ये, विशेषतः टोयोटामध्ये, तिला शिस्तीचं रूप आलं. जपानी लोक तिला ‘गेन्का किकाकु’ म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक धंद्यांचा हिशेब याच्या उलट चालतो. माल जेवढ्याला पडला त्यावर आपला नफा चढवायचा आणि भाव लावायचा. भाव जास्त वाटला, गिऱ्हाईक फिरलं, की मग सूट देत बसायचं आणि ती सूट स्वतःच्या नफ्यातून भरायची. ज्या वस्तूला पर्याय नसतो तिच्यासाठी ही रीत चालून जाते. पण शेजारच्या दुकानात तशाच पाच वस्तू मांडलेल्या असतील, तर किंमत तुम्ही ठरवत नाही, बाजार ठरवतो. तुमच्या हातात उरतो तो फक्त खर्च.

हा उलटा हिशेब कागदावर कसा दिसतो, ते एका काल्पनिक मिक्सरवर पाहू. आकडे मी सोयीसाठी सोपे घेतले आहेत.

समजा, एका लहान कारखान्याला तीन भांड्यांचा मिक्सर काढायचा आहे. दुकानांतून चौकशी केल्यावर दिसलं, की या वर्गातला मिक्सर गिऱ्हाईक ३,५४० रुपयांपर्यंत घेतं, त्यापुढे मोठ्या ब्रँडकडे वळतं. आता मागे यायला लागायचं. यात १८ टक्के जीएसटी आहे, तो काढला की ३,००० उरले. वितरक आणि दुकानदार यांचे मिळून २० टक्के म्हणजे ६०० गेले. कंपनीच्या हाती आले २,४००. मालकाला विक्रीवर १० टक्के नफा हवा आहे, ते २४०. उरले २,१६०. यातून जाहिरात, वाहतूक, वॉरंटीतली दुरुस्ती आणि ऑफिस यांचे ३६० वजा केले, की कारखान्यात नगामागे खर्च करायला १,८०० रुपये राहतात. ही झाली खर्चमर्यादा. गिऱ्हाइकाने मोजलेल्या साडेतीन हजारांतला जेमतेम अर्धा पैसा प्रत्यक्ष वस्तूत जातो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का देणारं असतं. आणि ‘दहा टक्के नफा’ हा खर्चावर नव्हे, विक्रीवर मोजला आहे हेही लक्षात घ्यावं. इथली गल्लत मी चांगल्या मुरलेल्या उद्योजकांच्या वह्यांतही पाहिली आहे.

आता दुसरा कागद. आज आपल्याला जमेल त्या पद्धतीने, ओळखीच्या पुरवठादारांकडून सुटे भाग घेऊन हा मिक्सर केला तर कितीला पडेल? मोटर ७००, तीन भांडी ४८०, प्लास्टिकची बॉडी २६०, स्विच आणि वायरिंग १५०, पॅकिंग ९०, जोडणीची मजुरी २२० आणि यंत्रं-साच्यांचा वाटा १५०. बेरीज २,०५०. मर्यादा १,८००. म्हणजे २५० रुपयांची तफावत. खरं काम इथून सुरू होतं.

सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग म्हणजे सगळ्यांना सारखी कात्री लावणं. प्रत्येक भागातून बारा टक्के काढा, असं फर्मान निघालं की खरेदी विभाग प्रत्येक पुरवठादाराला फोन करतो, प्रत्येक जण थोडा पातळ पत्रा आणि थोडी हलकी तार देतो, आणि मिक्सर सहा महिन्यांत परत यायला लागतात. टार्गेट कॉस्टिंग जाणणारा माणूस आधी वेगळा प्रश्न विचारतो. गिऱ्हाइकाला या वस्तूत नेमकं काय हवं आहे, आणि आपण पैसा नेमका कुठे घालतो आहोत? ओल्या नारळाचं वाटण बारीक व्हावं, डाळ-तांदूळ वाटताना मोटर जळू नये, झाकणातून गळू नये. या तीन अपेक्षा मोटर, पातं आणि झाकण यांच्यावर उभ्या आहेत. बॉडीच्या आतल्या बाजूला किती स्क्रू आहेत, याच्याशी स्वयंपाक करणाऱ्याला काही देणंघेणं नाही. जिथे खर्च मोठा आणि गिऱ्हाइकाच्या लेखी महत्त्व थोडं, तिथे कात्री चालवायची. जिथे महत्त्व मोठं, तिथे पैसा राहू द्यायचा, प्रसंगी वाढवायचा.

आपल्या मिक्सरमध्ये मोह पडतो तो मोटरचा, कारण सर्वांत मोठा आकडा तिचा. तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमचं वाइंडिंग घातलं, तर बरेच पैसे एका फटक्यात वाचतात. पण अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध जास्त, त्यामुळे तेवढ्याच जागेत बसवलेलं वाइंडिंग लवकर तापतं, आणि सलग वाटण करताना मोटर जळण्याची शक्यता वाढते. वाचलेला पैसा वॉरंटीच्या खात्यातून बाहेर जातो. म्हणून मोटरला फक्त ३० रुपयांचा चिमटा, तोही बाहेरच्या जोडपट्टीत बदल करून. भांड्यांमध्ये मात्र जागा आहे. तिन्ही भांड्यांचे तळ, कपलर आणि पात्यांचा जोड वेगवेगळे असतील तर ते एकसारखे केले, की साचे कमी, खरेदी एकगठ्ठा. तिथून ८० निघतात. बॉडीत स्क्रूऐवजी बरेचसे भाग एकमेकांत खटकन बसतील असे केले, तर ६०. स्क्रू कमी झाले की जोडणीचा वेळ घटतो, मजुरीत ३५. वायर आखूड आणि सरळ मार्गाने नेली तर २५. थर्माकोल काढून कागदी लगद्याचे साचे वापरले तर २०. झाले २५०.

पाहा, यातली एकही बचत पुरवठादाराशी घासाघीस करून आलेली नाही. ती सगळी ड्रॉइंग बदलल्यामुळे आली आहे. या पद्धतीचा जीव इथे आहे. साचा एकदा कापला, की वस्तूच्या खर्चाचा फार मोठा भाग गोठतो. मग कारखान्यात कितीही काटकसर केली, तरी स्क्रू आठ आहेत ते आठच राहणार आणि प्रत्येक स्क्रू कोणीतरी आवळणार. म्हणून हे काम साचा कापण्यापूर्वी, डिझायनर, खरेदी, उत्पादन, विक्री आणि पुरवठादार यांना एका टेबलाभोवती बसवून करायचं असतं. हिशेबनीस शेवटी बोलावला तर तो फक्त तोटा मोजून देऊ शकतो.

आणखी एक नियम आहे, आणि तो पाळायला जिवावर येतं. लक्ष्यापेक्षा खर्च वाढू द्यायचा नाही. उद्या भांड्यांत ८० ऐवजी ६५ च वाचले, तर उरलेले १५ दुसऱ्या भागातून शोधायचे. कोणी नवी सोय घालायची म्हटली, तर तिचा खर्च कुठून येणार ते आधी सांगायचं. आणि सगळं करून मर्यादेत वस्तू बसलीच नाही, तर ती बाजारात आणायची नाही. ‘आधी काढू, मग बघू’ हे वाक्य ज्या बैठकीत खपतं तिथे टार्गेट कॉस्टिंग चालू नसतं, नुसता तक्ता चालू असतो.

आता पुन्हा नॅनोकडे येऊ. तिथे तक्ता नव्हता, खरं काम झालं होतं. इंजिन मागे ठेवलं, त्यामुळे लहान गाडीतही माणसांना जागा मिळाली आणि पुढच्या चाकांपर्यंत ताकद नेणारी यंत्रणा वाचली. इंजिन दोन सिलिंडरचं, ६२४ सीसीचं. चाकाला चार नटांऐवजी तीन. पुढच्या काचेवर एकच वायपर. मूळ मॉडेलला बाहेरचा आरसा एकच. स्टिअरिंगचा भरीव दांडा पोकळ केला. मागचं दार काढून टाकलं. काच होती, पण ती उघडत नव्हती, सामान मागच्या सीटवरून आत घालावं लागे. दार नाही म्हणजे बिजागऱ्या, कुलूप, सील हे सगळं नाही आणि बॉडी त्या जागी अधिक ताठ. गाडीचं वजन सहाशे किलोच्या आसपास राहिलं, आणि वजन कमी म्हणजे चाकं, ब्रेक, इंजिन सगळंच लहान चालतं. एका बचतीतून दुसरी निघते, ती अशी.

पुरवठादारांची भूमिकाही वेगळी होती. बॉशसारख्या कंपनीकडे तयार भागाचा भाव मागितला असता, तर तो मोठ्या गाडीच्या हिशेबाने आला असता. त्याऐवजी त्यांना लक्ष्याचा आकडा देऊन या गाडीपुरती इंजिन-नियंत्रण यंत्रणा नव्याने विचारात घ्यायला लावलं. मधल्या काळात पोलादापासून रबरापर्यंत कच्चा माल महागला. किंमत जाहीर झालेली असल्यामुळे खर्चमर्यादा हलवायची सोय नव्हती. तरीही कर आणि वाहतूक सोडून एक लाखाच्या घरात मूळ मॉडेल आणलं गेलं. मार्च २००९ मध्ये ते विक्रीला आलं तेव्हा दिल्लीत शोरूमची किंमत सुमारे १ लाख २३ हजार होती. इंजिनिअरिंग म्हणून हे काम मला आजही मोठं वाटतं, आणि त्याची थट्टा करणाऱ्यांनी ही गाडी उघडून पाहावी, असं वाटतं.

मग गाडी का चालली नाही? सुरुवातीला दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरून नोंदणी केली होती. पण २०११-१२ हे सर्वांत चांगलं वर्ष धरलं, तरी विक्री सुमारे ७४ हजारांवर थांबली. जून २०१८ मध्ये एक गाडी बनली. अनेक कारणं सांगितली जातात. सिंगूरमधलं आंदोलन आणि तिथून साणंदला हलवलेला कारखाना, काही गाड्यांना लागलेली आग. ही कारणं खरी आहेत. पण टार्गेट कॉस्टिंगच्या नजरेने पाहिलं, तर दोन धडे त्याहून खोल आहेत.

पहिला धडा संख्येचा. मिक्सरच्या हिशेबात ‘यंत्रं-साच्यांचा वाटा १५०’ असा एक आकडा होता, त्यावर आपण फार बोललो नाही. तो किती नग विकले जातील या अंदाजावर ठरतो. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांसाठी उभारला होता. कारखान्याचा, यंत्रांचा आणि व्याजाचा स्थिर बोजा वर्षाला ३०० कोटी आहे, असं समजू. हा आकडा फक्त उदाहरणापुरता. अडीच लाख गाड्या निघाल्या तर एका गाडीवर त्याचे १२ हजार बसतात. पाऊण लाख निघाल्या तर ४० हजार. फरक २८ हजारांचा. एक वायपर, एक आरसा, चार चाकांचे चार नट, सगळे मिळूनही इतके पैसे वाचवू शकत नाहीत. खर्चमर्यादा नगामागे मांडली जाते, म्हणून ती प्रत्येक नगाची वाटते. प्रत्यक्षात तिच्या पोटात विक्रीचा एक अंदाज दडलेला असतो. तो फसला, तर उत्तम इंजिनिअरिंग केलेली वस्तूसुद्धा तोट्यात जाते. हे लवकर ओळखायचं असेल तर तक्त्यात दोन स्तंभ ठेवावेत, एक ठरवलेल्या संख्येचा आणि दुसरा त्याच्या निम्म्या संख्येचा. दुसऱ्या स्तंभात नफा उणे निघत असेल, तर साच्याची ऑर्डर देण्याआधी ते दिसलेलं बरं.

दुसरा धडा पहिल्याच ओळीचा. सगळी वजाबाकी ज्या किमतीपासून सुरू होते, ती किंमत गिऱ्हाइकाकडून आलेली असली पाहिजे. तिच्यासोबत ‘या किमतीला काय मिळालं तर तो खूश होईल’ हेही त्याच्याकडूनच यायला हवं. एक लाख हा आकडा सुंदर होता, गोल होता, लोकांच्या तोंडी बसला. पण स्कूटरवर चौघं बसून जाणाऱ्या कुटुंबाला ‘सर्वांत स्वस्त गाडी’ हवी होती की ‘आपली गाडी’? माझं मत असं, की ते कुटुंब आणखी पंधरा-वीस हजार देऊन उघडणारं मागचं दार आणि दुसरा आरसा घ्यायला तयार होतं, आणि ते मिळत नसेल तर जुनी मारुती घ्यायलाही तयार होतं. स्वस्त गाडी म्हणून झालेली ओळख नॅनोला बाधली, हे खुद्द रतन टाटांनीही नंतर बोलून दाखवलं. उघडणारं मागचं दार २०१५ मध्ये आलं, तोवर गाडीचं नाव बाजारात ठरून गेलं होतं. ज्या गोष्टीची मागणी गिऱ्हाईक तोंडाने करत नाही, ती या पद्धतीत सर्वांत आधी चेपली जाते, हेही इथेच दिसतं. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले. गाडी भारतीय कायद्यात बसत होती. पण सुरक्षितता ही खर्चाच्या तक्त्यात स्वतंत्र, हात न लावण्याची ओळ म्हणून लिहिली गेली नाही, तर ती कोणाच्याही वतीने भांडत नाही.

याच वाटेने टोयोटा पन्नास वर्षं आधी गेली होती. जपान सरकारच्या ‘लोकांची गाडी’ या कल्पनेतून १९६१ मध्ये टोयोटाने ‘पब्लिका’ काढली. सुमारे ७०० सीसीचं इंजिन, किंमत ३ लाख ८९ हजार येन, आणि आत शोभेचं जवळजवळ काही नाही. खर्च आवाक्यात बसवला होता, गाडी टिकाऊ होती, पण विक्री अपेक्षेइतकी होईना. जपानी मध्यमवर्ग गाडीकडे वाहन म्हणूनच पाहत नव्हता, आपण पुढे आलो याची खूण म्हणून पाहत होता. १९६३ मध्ये डिलक्स मॉडेल आणलं आणि विक्री सुधारली. पब्लिकावर काम केलेले तात्सुओ हासेगावा यांच्याकडेच पुढच्या गाडीची जबाबदारी आली. १९६६ मध्ये त्यांनी काढलेली ती गाडी म्हणजे कोरोला. १,१०० सीसी, ४ लाख ३२ हजार येन. म्हणजे पब्लिकापेक्षा महाग. काटेकोर खर्च तिलाही होताच, पण आधी ठरवलं होतं की गिऱ्हाइकाला कुठेही उणं वाटता कामा नये आणि एखाद-दुसऱ्या बाबतीत त्याला अपेक्षेपेक्षा थोडं जास्त मिळालं पाहिजे. त्यानंतर तिथून मागे येत आकडे बसवले. कोरोला पुढे जगात सर्वाधिक विकल्या गेलेल्या गाड्यांच्या नावांत पोहोचली.

दोन्ही गाड्यांना वजाबाकी सारखीच येत होती. फरक वरच्या ओळीत होता. पब्लिकाच्या वेळी ‘किती कमी’ हे विचारलं गेलं, कोरोलाच्या वेळी ‘कितीला काय’ हे. टोयोटाला पहिली गाडी फसल्यावर दुसरी काढायची संधी मिळाली, पाच वर्षांत. टाटांकडे नॅनोच्या नावावर एवढा मोठा कारखाना उभा राहिला होता, की ती दुरुस्ती त्याच नावाखाली करावी लागली.

आपल्याकडे कोल्हापूरच्या फौंड्रीपासून भोसरीच्या सुट्या भागांच्या शेडपर्यंत हजारो लोक ‘साहेब, हा भाग इतक्यालाच बसवून द्या’ हे वाक्य रोज ऐकतात. मोठ्या कंपनीच्या टार्गेट कॉस्टिंगचं शेवटचं टोक त्यांच्या टेबलावर येऊन पडतं, आणि बहुतेक वेळा सोबत ड्रॉइंग बदलायची मुभा येत नाही. अशा लघुउद्योजकाने एक मागणी आग्रहाने करावी. आकडा द्या, पण ड्रॉइंगही सोबत द्या आणि बदल सुचवायचा अधिकार द्या. एखादं भोक, एखादी फिनिशिंगची अट, एखादा अनाठायी घट्ट टॉलरन्स काढून टाकला, की लक्ष्य गाठता येतं का ते दोघांनी मिळून पाहावं. आणि जो स्वतःची वस्तू बाजारात आणणार आहे, त्याने साच्याची ऑर्डर देण्याआधी दुकानात उभं राहून दहा-वीस गिऱ्हाइकांना विचारावं, की ही वस्तू त्यांनी कितीला घेतली, तिच्यात काय नसतं तर घेतली नसती, आणि आणखी शंभर रुपये दिले असते तर कशासाठी.